‘आठपर्यंत’ आलं की उत्तर का चुकतं? फ्युचर परफेक्ट आणि फ्युचर कंटिन्युअसची नेहमीची अडचण

माझ्याकडे सोलापुरात इंग्रजी शिकायला येणाऱ्या मुलांच्या वह्यांत एक चूक दरवर्षी त्याच जागी सापडते. दहावीची मुलं असोत की एमपीएससीची तयारी करणारे, ठरावीक वेळी काय चालू असेल आणि काय संपलेलं असेल असा प्रश्न आला की ‘विल बी डुइंग’ आणि ‘विल हॅव डन’ यांची अदलाबदल होते. दोन्ही रचना त्यांना पाठ असतात. रिकाम्या जागेत कोणती बसवायची, तिथे गाडी अडते.

रचना एकदा समोर ठेवू आणि पुढे जाऊ.

```
will be + V-ing
will have + V3
```

पहिली फ्युचर कंटिन्युअस, दुसरी फ्युचर परफेक्ट. ‘व्ही थ्री’ म्हणजे क्रियापदाचं तिसरं रूप: गॉन, इटन, रिटन.

चूक कशी दिसते

वहीत साधारण तीन प्रकार आढळतात. पहिला, ‘ऍट’ दिसला की डोळे मिटून कंटिन्युअस आणि ‘बाय’ दिसला की डोळे मिटून परफेक्ट. हा नियम बऱ्याच गाइडांमध्ये असतो. तो बहुतेक वेळा चालतो, म्हणूनच तो चालत नाही तिथे मुलं अडकतात. दुसरा प्रकार, मनातल्या मराठी वाक्यात ‘पर्यंत’ आहे म्हणून ‘बाय’ लिहिणं, जिथे खरं तर ‘टिल’ हवं असतं. तिसरा, ‘विल हॅव’ एवढंच पाहून वाक्य परफेक्टचं आहे असं समजणं.

यातला दुसरा प्रकार सगळ्यात खोल गेलेला आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो.

मूळ कारण: ‘पर्यंत’ दोन कामं करतो

ही दोन वाक्यं वाचा.

‘मी आठपर्यंत अभ्यास करत असेन.’
‘मी आठपर्यंत अभ्यास संपवलेला असेल.’

पहिल्या वाक्यात आठ वाजेतो अभ्यास चालूच आहे, आठ वाजता तो थांबतो. दुसऱ्यात आठच्या आधीच कधीतरी तो संपला, साडेसातला असेल किंवा आठला पाच कमी असताना असेल. मराठीत दोन्हीकडे ‘आठपर्यंत’ सहज बसतं आणि ऐकणाऱ्याचा गोंधळही होत नाही, कारण क्रियापद सगळं सांगतं. इंग्रजीत मात्र पहिल्या ठिकाणी ‘टिल एट’ किंवा ‘अनटिल एट’ लागतं आणि दुसऱ्या ठिकाणी ‘बाय एट’. ‘आय विल बी स्टडिइंग टिल एट.’ ‘आय विल हॅव फिनिश्ड माय स्टडीज बाय एट.’

ओळखायची युक्ती मराठीतच आहे. ‘आठपर्यंत’च्या जागी ‘आठच्या आत’ म्हणून बघा. ‘मी आठच्या आत अभ्यास संपवलेला असेल’ हे ठीक वाटतं, म्हणजे इथे ‘बाय’. ‘मी आठच्या आत अभ्यास करत असेन’ हे कानाला खटकतं, म्हणजे इथे ‘टिल’. शंभर उदाहरणं पाठ करण्यापेक्षा ही एक अदलाबदल जास्त कामाला येते.

सोलापूरच्या पूर्व भागातून येणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांच्या घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडच्या मुलांच्या घरी कन्नड. त्यांना मी घरच्या भाषेतून विचार करायला सांगतो, कारण तिथेही हे दोन शब्द वेगळे आहेत. तेलुगूत ‘लोपु’ म्हणजे आत आणि ‘वरकु’ म्हणजे तोवर. कन्नडमध्ये ‘ओळगे’ म्हणजे आत आणि ‘वरेगे’ म्हणजे तोवर. मनात ‘लोपु’ किंवा ‘ओळगे’ आलं की ‘बाय’, ‘वरकु’ किंवा ‘वरेगे’ आलं की ‘टिल’. या मुलांना हा फरक मराठी मुलांपेक्षा लवकर उमजतो असं मी पाहिलं आहे, फक्त कुणीतरी तो त्यांच्या भाषेत दाखवावा लागतो.

याच जागी आणखी एक गोष्ट आड येते. बोलताना आपण ‘संपवलेला असेल’ म्हणतच नाही. आई विचारते, ‘स्वयंपाक कधी?’ आपण म्हणतो, ‘आठपर्यंत होईल.’ साधा भविष्यकाळ! त्यामुळे मुलं ‘द कुकिंग विल फिनिश बाय एट’ असं लिहितात. हे इंग्रजीत चूक नाही. पण स्वाध्यायाच्या वर ‘फ्युचर परफेक्ट किंवा फ्युचर कंटिन्युअस वापरा’ अशी सूचना असेल तर गुण मिळत नाहीत. म्हणून इंग्रजीकडे वळण्याआधी मराठी वाक्य एकदा बदलून घ्या: ‘होईल’ऐवजी ‘झालेला असेल’. आठ वाजता उभं राहून मागे पाहिलं तर काय दिसतं, असा तो प्रश्न आहे. मग ‘द फूड विल हॅव बीन कुक्ड’ किंवा ‘आय विल हॅव कुक्ड’ आपोआप सुचतं.

दुरुस्ती: पेन्सिलीने रेघ मारा

‘ऍट’ आणि ‘बाय’ यांच्यावर विसंबायचं नाही तर कशावर विसंबायचं? क्रियेच्या सुरुवातीवर आणि शेवटावर. वहीच्या समासात एक आडवी रेघ काढा. प्रत्येक क्रिया जिथे सुरू होते तिथून जिथे संपते तिथवर तिच्यावर कंस काढा. मग प्रश्नात विचारलेल्या वेळेवर एक उभी रेघ मारा. उभी रेघ कंसाच्या मधून गेली तर क्रिया चालू आहे, म्हणजे कंटिन्युअस. अख्खा कंस रेघेच्या डावीकडे राहिला तर क्रिया उरकली आहे, म्हणजे परफेक्ट. कंस उजवीकडे असेल तर क्रिया अजून सुरूच झालेली नाही, आणि तिथे नकारार्थी परफेक्ट लागतं: ‘वोन्ट हॅव स्टार्टेड येट’.

हे एका पूर्ण उदाहरणावर करून पाहू. महेश नावाचा एक तरुण टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर काम करतो असं समजू. स्वाध्यायात त्याचा उद्याचा दिवस दिलेला आहे. 7:00 ते 7:30 नाश्ता. 7:30 ला घरातून निघून सायकलने 8:00 ला कारखान्यात. 8:00 ते 12:30 माग, त्यात 20 टॉवेल विणून होतात. 12:30 ते 1:15 जेवण. 1:15 ते 5:00 टॉवेलांच्या घड्या आणि पॅकिंग. 7:00 ते 9:00 घरी टीव्हीवर मॅच.

पहिला प्रश्न: ‘ऍट 7:15, महेश (हॅव) ब्रेकफास्ट.’ उभी रेघ 7 आणि 7:30 च्या मधोमध. उत्तर: ‘विल बी हॅविंग ब्रेकफास्ट’. इथे कुणी चुकत नाही.

दुसऱ्या प्रश्नापासून फरक कळायला लागतो. ‘ऍट 7:45, ही (लीव्ह) होम.’ गाइडचा नियम सांगतो की ‘ऍट’ म्हणजे कंटिन्युअस, म्हणून मुलं ‘विल बी लीव्हिंग’ लिहितात. रेघ मारून पाहा. घरातून बाहेर पडणं 7:30 लाच झालं. 7:45 ला तो रस्त्यावर आहे. उत्तर ‘विल हॅव लेफ्ट होम’. पण त्याच 7:45 साठी प्रश्नात ‘सायकल’ हे क्रियापद दिलं असतं, तर उत्तर ‘विल बी सायकलिंग टू वर्क’ झालं असतं. वेळ तीच, अव्यय तेच, उत्तरं दोन, आणि दोन्ही बरोबर. म्हणजे निर्णय ‘ऍट’ करत नाही. त्या क्रियेचा कंस रेघेच्या कुठल्या बाजूला आहे, ते निर्णय करतं.

‘लीव्ह’, ‘रीच’, ‘स्टार्ट’, ‘फिनिश’ ही क्रियापदं क्षणात उरकतात. त्यांचा कंस काढायला गेलं तर तो एका ठिपक्याएवढाच होतो. उभी रेघ ठिपक्याच्या मधून जाणं दुर्मीळ, म्हणून अशा वेळापत्रकाच्या स्वाध्यायात या क्रियापदांचं उत्तर बहुधा परफेक्टच निघतं. ‘ही विल बी लीव्हिंग ऍट 7:30’ असं इंग्रजीत म्हणतात, पण त्याचा अर्थ ‘त्याचं साडेसातला निघायचं ठरलंय’ असा होतो. ठरलेल्या गोष्टीसाठी कंटिन्युअस वापरायची ही वेगळी रीत आहे. वेळापत्रकातल्या प्रश्नांत तिला ओढू नका.

तिसरा प्रश्न: ‘बाय 12:30, ही (वीव्ह) 20 टॉवेल्स.’ उत्तर ‘विल हॅव वोव्हन’. इथे आकडा दिलेला आहे, आणि तो मोठी खूण आहे. किती टॉवेल, किती पानं, किती किलोमीटर, असा हिशोब झालेल्या कामाचाच होतो. ‘विल बी वीव्हिंग’ घेतलं की काम अर्धवट आहे असं आपण म्हणतोय, मग वीसचा आकडा कुठून आणला, हा प्रश्न उरतो. आकड्याशिवाय ‘ऍट 11, ही विल बी वीव्हिंग टॉवेल्स’ मात्र अगदी बरोबर.

चौथा: ‘(वर्क) ऍट द लूम टिल 12:30.’ ‘टिल’ आहे, काम साडेबारा वाजेतो सुरूच आहे, म्हणून ‘ही विल बी वर्किंग’. तिसरा आणि चौथा प्रश्न शेजारी ठेवा. मराठीत दोन्हींत ‘साडेबारापर्यंत’ येतं. ‘साडेबाराच्या आत’ फक्त तिसऱ्यात बसतं.

पाचवा जरा अवघड: ‘बाय द टाइम हिज मदर रीचेस द फॅक्टरी ऍट 3, ही (पॅक) द टॉवेल्स.’ ‘बाय द टाइम’ दिसलं की सगळा वर्ग एका सुरात ‘विल हॅव पॅक्ड’ म्हणतो. पण पॅकिंग पाचला संपतं. तीन वाजता आई पोहोचते तेव्हा तो पॅकिंग करतोच आहे. उत्तर ‘विल बी पॅकिंग’. ‘बाय’ने सुरू होणाऱ्या वाक्यातही कंटिन्युअस येऊ शकतं, याचं हे उदाहरण. याच वाक्यात ‘वीव्ह’ दिलं असतं तर ‘विल हॅव वोव्हन’ आलं असतं.

याच प्रश्नात ‘रीचेस’कडे लक्ष द्या. ‘बाय द टाइम हिज मदर विल रीच’ ही सर्रास दिसणारी चूक आहे. ‘आई पोहोचेल तोपर्यंत’ या मराठी वाक्यात ‘पोहोचेल’ आहे, ते तसंच इंग्रजीत उतरतं. इंग्रजीत ‘बाय द टाइम’, ‘व्हेन’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘अनटिल’ यांच्यामागून येणाऱ्या वेळेच्या उपवाक्यात ‘विल’ येत नाही, भविष्याची गोष्ट असली तरी सहसा साधा वर्तमानकाळ येतो. ‘विल’ फक्त मुख्य वाक्यात.

रेघ बरोबर काठावर पडली तर

बरेच शिक्षक असा प्रश्न टाळतात, पण तो आलाच तर काय करायचं? 12:30 ला माग थांबतो आणि त्याच क्षणी जेवण सुरू होतं. ‘बाय 12:30’ म्हटलं तर विणण्याचा कंस संपलेला धरतात, म्हणून परफेक्ट. जेवणाबद्दल ‘ऍट 12:30’ विचारलं तर तिथे साधा भविष्यकाळ सगळ्यात नैसर्गिक: ‘ही विल हॅव लंच ऍट 12:30’, म्हणजे साडेबाराला तो जेवायला बसेल.

हा फरक घरच्या प्रसंगात चांगला दिसतो. ‘व्हेन यू कम, वी विल हॅव लंच’ म्हणजे तुम्ही आल्यावर आपण जेवायला बसू. ‘व्हेन यू कम, वी विल बी हॅविंग लंच’ म्हणजे तुम्ही याल तेव्हा आमची पंगत चालू असेल. आणि ‘व्हेन यू कम, वी विल हॅव हॅड लंच’ म्हणजे तुम्ही याल तेव्हा आमचं जेवण उरकलेलं असेल. पाहुण्याला निरोप देताना यातलं कुठलं वाक्य लिहिलंय, यावर त्याला ताट मिळणार की नाही ते ठरतं.

इथेच तिसऱ्या प्रकारची चूक होते. ‘विल हॅव लंच’ हे परफेक्ट नाही. त्यातलं ‘हॅव’ हेच मुख्य क्रियापद आहे, जेवण घेणं या अर्थाचं. परफेक्ट ओळखायचं असेल तर ‘हॅव’च्या लगेच पुढचा शब्द पाहा. तिथे क्रियापदाचं तिसरं रूप हवं. ‘लंच’, ‘टाइम’, ‘अ मीटिंग’ हे शब्द तिसरी रूपं नाहीत. ‘विल हॅव हॅड’मध्ये दोनदा ‘हॅव’ येतं म्हणून मुलं एक खोडून टाकतात, आणि उत्तराचा अर्थच बदलतो. पहिलं ‘हॅव’ परफेक्टचं, दुसरं ‘हॅड’ जेवणाचं. दोन्ही ठेवायची.

मराठीतून ताडून पाहणं कुठे फसतं

‘-त असेल’ म्हणजे कंटिन्युअस, ‘-लेला असेल’ म्हणजे परफेक्ट, अशी जोडी मी मुलांना देतो, आणि त्याबरोबर एक अपवादही देतो. तो दिला नाही तर हुशार मुलंच जास्त चुकतात, कारण ती जोडी प्रामाणिकपणे पाळतात.

‘उद्या या वेळी मी एसटीत बसलेला असेन.’ मराठीत ‘बसलेला’ आहे. म्हणून ‘आय विल हॅव सॅट इन द बस’? नाही. ‘आय विल बी सिटिंग इन द बस’. ‘लग्नात आजी इरकल नेसलेली असेल.’ इंग्रजीत ‘विल बी वेअरिंग ऍन इरकल सारी’, ‘विल हॅव वोर्न’ नव्हे. ‘अकरा वाजता बाळ झोपलेलं असेल’ म्हणजे ‘द बेबी विल बी स्लीपिंग’.

कारण असं की बसणे, झोपणे, नेसणे, घालणे, आडवं होणे, टेकणे अशा क्रियापदांत मराठी कृती संपल्यानंतरची अवस्था दाखवायला ‘-लेला’ वापरते. बसण्याची कृती क्षणात झाली, आता बसलेली अवस्था चालू आहे. इंग्रजीत ‘सिट’, ‘स्लीप’, ‘वेअर’ ही क्रियापदं त्या चालू अवस्थेचीच नावं आहेत, त्यामुळे तिथे कंटिन्युअस लागतं. म्हणून शरीराची स्थिती किंवा अंगावरचा कपडा यांच्याबद्दल वाक्य असेल तर मराठी रूपावर विश्वास न ठेवता थेट रेघ मारा. बसलेल्या अवस्थेचा कंस एसटीत चढल्यापासून उतरेपर्यंत असतो आणि उभी रेघ त्याच्या मधून जाते.

उलट बाजूने ‘नो’, ‘लाइक’, ‘बिलाँग’, ‘ओन’ या क्रियापदांना सहसा ‘-इंग’ लागतच नाही. ‘दिवाळीला आमच्या ओळखीला पाच वर्षं झालेली असतील’ याचं ‘वी विल हॅव नोन ईच अदर फॉर फाइव्ह इयर्स’ होतं. ओळख तेव्हाही चालूच असणार, कंस संपलेला नाही, तरीही परफेक्ट. रेघेच्या नियमाला बसत नाही असं इथे वाटतं. पण वाक्यात मोजली आहेत ती दिवाळीपर्यंतची पाच वर्षं, आणि ती तेवढी पूर्ण झालेली आहेत. हीच मोजणी चालू राहणाऱ्या कामाची असेल तर लांब रूप येतं: ‘बाय 12:30, ही विल हॅव बीन वर्किंग फॉर फोर अँड अ हाफ अवर्स.’ त्याला फ्युचर परफेक्ट कंटिन्युअस म्हणतात. दोनच पर्याय असलेल्या स्वाध्यायात ते मागत नाहीत, पण ‘फॉर’ आणि कालावधी दिसला तर पर्यायांत ते आहे का ते बघून घ्या.

उत्तर लिहून झाल्यावर तपासायचं कसं

कंटिन्युअस लिहिलं असेल तर वाक्याच्या शेवटी ‘आणि अजून संपलेलं नसेल’ असं जोडून वाचा. परफेक्ट लिहिलं असेल तर ‘आणि आता ते करायचं उरलं नसेल’ जोडा. ‘तीन वाजता महेश टॉवेल पॅक करत असेल, आणि अजून संपलेलं नसेल.’ जुळलं. ‘7:45 ला महेश घरातून निघत असेल, आणि अजून संपलेलं नसेल.’ वेळापत्रकाशी जुळत नाही, म्हणजे उत्तर बदला. ‘नो’सारख्या अवस्थेच्या क्रियापदांना आणि ‘फॉर’ने कालावधी मोजणाऱ्या वाक्यांना ही तपासणी लावू नका.

मग रूप तपासा. ‘विल हॅव वेंट’, ‘विल हॅव एट’, ‘विल हॅव रोट’ यांत दुसरं रूप घुसलेलं आहे. ‘विल हॅज गॉन’ही नको, कारण कर्ता ‘ही’ असो की ‘शी’, ‘विल’नंतर ‘हॅव’च येतं. ‘विल’नंतर ‘इज’ न येता ‘बी’ येतं, तेही याच कारणाने.

एवढं करूनही उत्तर पुस्तकाच्या मागच्या उत्तरापेक्षा वेगळं आलं, तर लगेच खोडू नका. पुष्कळदा प्रश्नातच वेळापत्रक दिलेलं नसतं. ‘बाय 10 पीएम, शी (रीड) द बुक’ एवढंच असतं. तेव्हा रेघ मारायला काही आधार नाही. अशा ठिकाणी प्रश्नकर्त्याने ‘बाय’ हाच संकेत दिला आहे असं धरून ‘विल हॅव रेड’ लिहा. लिहिताना स्पेलिंग ‘रीड’चंच राहतं, फक्त उच्चार ‘रेड’ होतो. प्रश्नात ‘ऍट 10 पीएम’ असेल तर ‘विल बी रीडिंग’ लिहा. आणि वेळापत्रक दिलेलं असूनही उत्तरसूची वेगळं सांगत असेल, तर वहीतली ती रेघ आणि कंस घेऊन शिक्षकांकडे जा. कंस दाखवला की चर्चा दोन मिनिटांत संपते, कारण 7:30 आणि 8:00 या आकड्यांबद्दल वाद घालण्यासारखं काही नसतं.